गिझर दिवसभर चालू ठेवायचा की अंघोळीआधी लावायचा? एका थर्मामीटरवर लागलेला हिशेब

आमच्या घरी हा वाद दर हिवाळ्यात व्हायचा. बाबांचं म्हणणं, गिझर सकाळी लावला की रात्रीपर्यंत राहू द्यावा. "अगं, पुन्हापुन्हा थंड पाणी तापवायला जास्त वीज जाते. एकदा तापलं की तो नुसता टिकवून धरतो." आईचं म्हणणं बरोबर उलटं, आणि तिच्याकडे त्याचं कारण नव्हतं, फक्त भिंतीवरच्या लाल दिव्याचा राग होता. गेल्या थंडीत मी स्वयंपाकघरातला थर्मामीटर घेऊन बाथरूममध्ये गेले आणि दोन-तीन दिवस आकडे लिहून काढले. आई जिंकली, पण तिला वाटत होतं त्या कारणाने नाही. आणि नुसतं "अंघोळीआधी लावा" एवढं पाळून आमची फारशी बचत होत नव्हती, हेही त्यातच कळलं.

हा लेख टाकीच्या, म्हणजे स्टोरेज गिझरबद्दल आहे. आमचा १५ लिटरचा, उभा, २ किलोवॅटच्या कॉइलचा आहे. तुमचा १० किंवा २५ लिटरचा असेल तरी रीत हीच, फक्त आकडे बदलायचे.

आधी बाबांच्या मुद्द्याचं काय

बाबांचा मुद्दा बहुधा मोटरवरून आलेला आहे. पंपाची मोटर सुरू होताना क्षणभर जास्त करंट ओढते, हे खरं. पण गिझरच्या आत मोटर नसते, साधी कॉइल असते. ती पहिल्या सेकंदालाही २ किलोवॅट घेते आणि दहाव्या मिनिटालाही तेवढेच. तिला "सुरू होण्याचा" वेगळा दंड नाही.

दुसरा भाग उष्णतेचा. टाकीतून बाहेर जाणारी उष्णता आतल्या पाण्याच्या आणि बाथरूममधल्या हवेच्या तापमानातल्या फरकावर ठरते. पाणी ६० अंशावर आणि हवा २५ वर असेल तर फरक ३५ चा. पाणी ४० वर उतरलं की फरक १५ चा, आणि गळतीही निम्म्याहून कमी. गिझर बंद असताना पाणी निवत जातं तशी गळती मंदावते. चालू असताना थर्मोस्टॅट ते पुन्हा वर नेतो, म्हणून गळती कायम पूर्ण वेगाने चालते. पुन्हा तापवताना आपण फक्त जेवढी उष्णता गेली तेवढीच भरून काढतो. तेव्हा बंद ठेवून नंतर तापवणं कधीच महाग पडत नाही. प्रश्न उरतो तो फक्त किती वाचतं याचा.

एका रात्रीची मोजणी

यासाठी लागतो तो टोक खुपसायचा डिजिटल थर्मामीटर, जो पाक किंवा दूध मोजायला वापरतात. तापाचा चालणार नाही, तो ४२-४३ च्या पुढे जात नाही.

रात्री सगळ्यांचं आटोपल्यावर गिझर लावा आणि लाल दिवा आपोआप जाईपर्यंत थांबा. दिवा गेला म्हणजे थर्मोस्टॅटने कॉइल तोडली. आता भिंतीवरचं बटण बंद करा. गरम नळ सोडून पाइपातलं गार पाणी जाऊ द्या, आणि वाफाळतं पाणी आलं की एक मग भरून लगेच तापमान घ्या. मगाला हात लावू नका, पोळतो. वेळ आणि आकडा लिहा. बाथरूममधल्या हवेचं तापमानही त्याच थर्मामीटरने घ्या. सकाळी कोणी नळ उघडायच्या आत पुन्हा तसंच करा.

माझे आकडे असे आले: रात्री १० वाजता ५९ अंश, सकाळी ६ वाजता साडेएक्कावन्न. बाथरूम रात्रभर २४ च्या आसपास. म्हणजे बंद गिझरमधलं पाणी आठ तासांत फक्त साडेसात अंश उतरलं. खरं सांगायचं तर मला ते बरंच जास्त उतरेल असं वाटलं होतं. सकाळी गिझर न लावता मी त्याच पाण्याने अंघोळ केली.

अंशांचे युनिट करायला एकच सूत्र पुरतं:

युनिट = लिटर × अंश ÷ ८६०

१५ गुणिले ७.५ भागिले ८६०, म्हणजे ०.१३ युनिट. आठ तासांत एवढं भिंतीतून आणि पाइपातून हवेत गेलं. गिझर चालू राहिला असता तर पाणी सतत ५९-६० वर राहून गळती थोडी जास्त झाली असती. तो फरक धरला की दिवसाच्या २४ तासांना सुमारे ०.४४ युनिट येतं.

हा आकडा ताडून बघायला गिझरवरचं ताऱ्यांचं लेबल कामी येतं. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या त्या लेबलवर तारे बघून आपण थांबतो. पण खाली एक ओळ असते, नुसतं पाणी धरून ठेवताना २४ तासांत किती युनिट जातात याची, आणि ती ४५ अंशांच्या फरकासाठी दिलेली असते. आपल्या बाथरूममधला फरक ३५ चा असेल तर त्या आकड्याला ३५ ने गुणून ४५ ने भागायचं. समजा लेबलवर ०.६ आहे, तर घरी ०.४७. माझ्या मोजणीच्या अगदी जवळ. लेबल फाटून गेलं असेल तर रात्रीची मोजणीच खरी.

माझी मावसबहीण नाशिकला राहते. तिच्याकडचा गिझर बराच जुना. तिने हेच केलं तेव्हा ६० चे आठ तासांत ४४ झाले, आणि तिचं बाथरूम होतं १६ वर. तिचा दिवसाचा आकडा एक युनिटच्या वर जातो. यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत: जुन्या टाकीभोवतीचं इन्सुलेशन निकामी झालेलं, आणि थंडीमुळे फरकच ४४ चा. म्हणून दुसऱ्याच्या घरचा आकडा उचलू नका. गिझर हाताला बाहेरून कोमट लागतो का ते बघा. चांगल्या टाकीचं अंग गारच लागतं. लागला तर खालचे दोन धातूचे जोड गरम लागतात, कारण तिथून उष्णता सरळ बाहेर येते.

चालू गिझर दिवसभर काय करतो

आमचा गिझर चालू ठेवून मी एक दिवस दिव्यावर नजर ठेवली, म्हणजे जुना फोन बादलीवर टेकवून व्हिडिओ चालू ठेवला. कोणी पाणी वापरत नसताना दिवा साधारण पाच तासांनी एकदा लागतो आणि तीन-साडेतीन मिनिटांत जातो. हे इतकं किरकोळ दिसतं की "तो नुसता टिकवून धरतो" हा समज का होतो ते कळतं. पण तीन मिनिटं २ किलोवॅटने म्हणजे ०.१ युनिट, आणि असं चार-साडेचार वेळा. थर्मामीटरच्या हिशेबाशी ते जुळतं.

तुमचा दिवा कोणी नळ न उघडता तासा-दीड तासाने लागत असेल तर दोन शक्यता. एक म्हणजे इन्सुलेशन गेलेलं. दुसरी जास्त नेहमीची: कुठेतरी गरम पाणी गळतंय. गरम नळ ठिबकतोय का बघा. गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थोडे थेंब पडणं स्वाभाविक आहे, पाणी तापून फुगतं. तापणं थांबल्यावरही ते पडत राहिले तर व्हॉल्व्ह बदलायला झालाय. आणि एकच मुठीचा मिक्सर असेल तर तो आतून गरम पाणी गारच्या लाइनीत सोडू शकतो. अशा वेळी गार नळ उघडला की पहिलं पाणी कोमट येतं.

खरी गोम: बटण लावायची वेळ नव्हे, बंद करायची

इथे मी स्वतः फसले होते. आधी मी असं करायचे: पहाटे पावणेसहाला लावायचा, सगळ्यांच्या अंघोळी झाल्या की आवरताना, साधारण सव्वाआठला बंद करायचा. दिवसभर बंद, मग ०.४४ वाचलेच, असं मी धरून चालले होते.

तसं होत नाही. शेवटची अंघोळ पावणेआठला संपते. तोवर गरम पाणी वरून निघून गेलेलं असतं आणि खालून गार पाणी भरलेलं असतं. पण पुढचा अर्धा तास बटण चालू, म्हणजे कॉइल ते गार पाणी मुकाट्याने परत ६० ला नेते. सव्वाआठला मी बंद करते तेव्हा टाकीत १५ लिटर उकाडा साठलेला असतो, आणि तो दिवसभर झिरपतो. मी तसा एक दिवस ठेवून दुसऱ्या पहाटे मोजलं तर पाणी ४३ वर आलं होतं. १५ गुणिले १७ भागिले ८६०, म्हणजे ०.३ युनिट गेले. गिझर त्याच बावीस तासांत चालू असता तर ०.४१ गेले असते. एवढ्या शिस्तीची कमाई ०.११ युनिट.

आता हेच शेवटचा माणूस बाथरूममध्ये शिरतानाच बंद केलं तर? तो टाकीतलं उरलेलं गरम पाणी वापरतो, खालून गार येतं आणि ते गारच राहतं. अंघोळीनंतर आमच्या टाकीतलं पाणी ३३ च्या आसपास निघालं. २५ च्या खोलीत ३३ चं पाणी दिवसभरात चारेक अंश उतरतं. तोटा ०.०७ युनिट. दिवसभर चालू ठेवण्याच्या तुलनेत ०.३४ ची बचत, म्हणजे आधीच्या तिप्पट. फरक फक्त बटण अर्धा-पाऊण तास आधी दाबण्याचा.

टाकी गरम सोडायची नाही, ही एवढीच गोष्ट. बंद करून अंघोळ करण्यात दुसराही फायदा आहे: अर्थिंग बिघडलेलं असलं तरी ओल्या अंगाने चालू उपकरणाखाली उभं राहावं लागत नाही. बिघडलेलं अर्थिंग मात्र दुरुस्त करायलाच हवं, बटण हा त्यावरचा उपाय नव्हे.

किती आधी लावायचा

तेच सूत्र उलटं वापरा. १५ लिटर २५ वरून ६० ला न्यायला ०.६१ युनिट लागतात. २ किलोवॅटची कॉइल ते अठरा-एकोणीस मिनिटांत करते. थंडीत नळाचं पाणी १८ वर असेल तर बावीस मिनिटं. ३ किलोवॅटची असेल तर याच्या दोन तृतीयांश वेळ. तासभर आधी लावून काहीच मिळत नाही, उरलेली चाळीस मिनिटं तो टिकवूनच धरतो.

पण एकाच माणसाची अंघोळ असेल तर पूर्ण तापवायचीही गरज नाही. वीस लिटरची बादली ४० अंशाची हवी. तेरा मिनिटांत आमची टाकी ५० पर्यंत जाते. त्यातलं १२ लिटर आणि ८ लिटर गार, झाली बादली. टाकीत उरतं ते जवळजवळ गार पाणी. तेच पूर्ण ६० ला नेलं तर बादलीला साडेआठ लिटर पुरतं आणि साडेसहा लिटर चांगलं कडकडीत पाणी टाकीत अडकून निवत बसतं. एकट्या माणसाच्या घरी २५ लिटरचा गिझर असेल तर ही युक्ती फारच उपयोगी, तिथे वीस मिनिटं पुरतात.

थर्मोस्टॅटच कायमचा खाली करावा का, असं आई म्हणाली. ते मी टाळते. पाणी दिवसेंदिवस चाळिशीच्या आसपास साचून राहिलं तर त्यात लेजिओनेलासारखे जंतू वाढू शकतात. साठवलेल्या पाण्याला ६० अंश सुरक्षित मानतात. म्हणून थर्मोस्टॅट ६० वरच, वेळ कमी-जास्त करायचा, आणि रोज तेरा मिनिटंच लावणाऱ्याने आठवड्यातून एखादा दिवस लाल दिवा जाईपर्यंत तापू द्यावं. गावाहून आठ-दहा दिवसांनी परतल्यावर तर आधी पूर्ण तापवून थोडं पाणी सोडून द्यावं, मगच अंघोळ.

दोन अंघोळींच्या मधे अर्धा-पाऊण तास असेल तर बंद-चालू करत बसू नका. तेवढ्यात पाणी अर्ध्या अंशाच्या आसपास उतरतं, बचत पैशांतही मोजता येत नाही. सकाळ आणि संध्याकाळ असा खंड असेल तर मात्र सकाळी टाकीतलं गरम पाणी संपवत बंद, संध्याकाळी पुन्हा वीस मिनिटं.

रुपयांत

०.३४ युनिट रोज, म्हणजे महिन्याला दहा. महावितरणचं बिल पुढ्यात घ्या. वाचलेले युनिट नेहमी तुमच्या सगळ्यात वरच्या टप्प्यातून कमी होतात, ० ते १०० च्या स्वस्त टप्प्यातून नव्हे. त्या टप्प्याचा वीज आकार, त्यात वहन आकार, इंधन समायोजन असेल तर ते, आणि या सगळ्यावर वीज शुल्क. स्थिर आकार यात धरू नका, तो गिझर बंद केल्याने घटत नाही. समजा बेरीज १२ रुपये आली, तर महिन्याला सव्वाशे रुपयांच्या आत-बाहेर. हे वाचून कोणी श्रीमंत होणार नाही. नाशिकच्या बहिणीला हाच आकडा दुपटीहून जास्त पडतो, तिच्यासाठी प्रश्न वेगळा आहे: टाकी बदलायची वेळ आली आहे.

चार जणांच्या घरी चार बादल्यांना रोज १.४ युनिट लागतातच. त्यावर टिकवण्याचे ०.४४. एकटा राहणारा मुलगा गिझर चोवीस तास चालू ठेवतो तेव्हा त्याच्या एका बादलीला ०.३५ लागतात आणि नुसत्या टिकवण्यालाच ०.४४. अंघोळीपेक्षा हवा तापवायला जास्त.

जाता जाता पाइपाबद्दल, कारण दिवसभर चालू ठेवायचं खरं आमिष तेच असतं: हात धुवायला, कप विसळायला नळाला गरम पाणी. गिझरपासून नळापर्यंत पाच मीटर पाइप असेल तर त्यात पाऊण लिटरच्या आसपास पाणी मावतं. हातावर गरम पाणी येईपर्यंत तेवढं गार पाणी वाहून जातं, आणि नळ बंद केल्यावर तेवढंच गरम पाणी पाइपात अडकून निवतं. प्रत्येक वेळी ०.०३ युनिट. दिवसातून पंधरा वेळा केलं तर टाकीच्या गळतीइतकीच दुसरी गळती, आणि बऱ्याचदा गरम पाणी येण्याआधीच हात धुऊन झालेले असतात.

टायमर घ्यायचा असेल तर

विसरण्यावर आमच्याकडे टायमरशिवाय इलाज नव्हता. २ किलोवॅटचा गिझर ९ अँपिअरच्या आसपास घेतो, तेव्हा टायमर किंवा स्मार्ट प्लग १६ अँपिअरचाच घ्या. ६ किंवा १० चा घेतला तर तो आतून जळू शकतो. आधी प्लग गरम होतो, मग प्लास्टिकचा वास येतो. प्लग पाच-दहा मिनिटांनी हाताला पोळत असेल तर तिथेच थांबा आणि वायरमनला बोलवा, दोष सॉकेटच्या सैल पट्ट्यांतही असू शकतो. टायमर बाथरूमच्या बाहेर, कोरड्या भिंतीवर हवा.

खुंट्या असलेल्या गोल टायमरला आणखी एक खोड आहे. वीज गेली की त्याचं घड्याळही थांबतं. रात्री दोन तास वीज नसेल तर पहाटे पावणेसहाऐवजी पावणेआठला गिझर लागतो. पहिल्यांदा हे झालं तेव्हा बाबा टॉवेल घेऊन बाहेर येऊन म्हणाले, "म्हणून मी सांगत होतो, चालूच ठेवा." आता वीज जाऊन आली की रात्री झोपताना कोणीतरी टायमरची तबकडी फिरवून वेळ जुळवतं, बहुतेक वेळा तेच.